दिलेला ॲडव्हान्स बिलातून वजा झाला का? एका कास्टिंग ऑर्डरचा पूर्ण हिशेब

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला एक मशीन शॉप. गिअरबॉक्सची हाउसिंग मशीनिंग करून पुढे एका मोठ्या कंपनीला पुरवतो. कच्ची कास्टिंग शिरोलीच्या एका फाउंड्रीतून येतात. दोघांचा व्यवहार जुना आणि चांगला आहे, म्हणून नावे देत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण घटनाक्रम जसा घडला तसाच आहे. या कारखान्याचा सहामाही हिशेब मी तपासतो. 2024 च्या नोव्हेंबरात खतावणी बघताना फाउंड्रीच्या खात्यावर 2,40,000 रुपये नावे शिल्लक दिसली. ज्याच्याकडून आपण उधारीवर माल घेतो, त्याच्याकडूनच आपले येणे निघत होते आणि त्याच्याकडे आपली एकही ऑर्डर बाकी नव्हती. चौकशी तिथून सुरू झाली.

ऑर्डर 8 जुलैची होती. 500 हाउसिंग, नगाला 1,600 रुपये. फाउंड्रीत सहसा किलोवर दर ठरतो, पण वजनावरून मागे एकदा वाद झाल्याने या दोघांनी नगावर दर ठरवला होता. मूळ किंमत 8,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,44,000, एकूण 9,44,000. अटींच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘30% ॲडव्हान्स, बाकी माल मिळाल्यावर 30 दिवसांत.’ फाउंड्रीने प्रोफॉर्मा पाठवला आणि 11 जुलैला आरटीजीएसने 2,40,000 रुपये गेले.

इथेच पहिली फट होती. 30 टक्के कशाचे, मूळ किमतीचे की जीएसटी धरून? मूळ किमतीचे 2,40,000 होतात, एकूण रकमेचे 2,83,200. दोघांनी न बोलता मूळ किंमत धरली म्हणून वाद झाला नाही. पण माल दोन-तीन लॉटमध्ये येणार हे दोघांनाही माहीत असताना ॲडव्हान्स कुठल्या लॉटमधून किती वजा करायचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते. पुढे जे झाले त्याची निम्मी जबाबदारी मी या न लिहिलेल्या ओळीवर टाकतो.

उरलेली निम्मी 11 जुलैच्या नोंदीत आहे. कारखान्याचा हिशेब टॅलीवर आहे. हिशेबनीस बाईंनी पेमेंट व्हाउचर केले, फाउंड्रीचे खाते नावे आणि बँक जमा. इथपर्यंत बरोबर. त्यानंतर टॅली विचारते की ही रक्कम कशापोटी. तेव्हा समोर बिल नव्हते, म्हणून त्यांनी `On Account` निवडले. बऱ्याच ठिकाणी हेच केले जाते, कारण तिथे नंबर टाकायला लागत नाही आणि व्हाउचर लगेच सेव्ह होते. पण त्याचा अर्थ असा की पैसे पार्टीला दिले, कशासाठी ते नंतर बघू. ऑर्डरचा नंबर फक्त नरेशनमध्ये राहिला आणि नरेशन कुठल्याही येण्या-देण्याच्या यादीत येत नाही. टॅलीत पर्चेस ऑर्डर आणि पेमेंट आपोआप जोडले जात नाहीत. जोडायचे तर संदर्भाच्या नावातूनच जोडावे लागतात.

9 ऑगस्टला पहिला लॉट आला, 200 नग. बिल 3,20,000 अधिक जीएसटी 57,600, म्हणजे 3,77,600. बिलावर ॲडव्हान्सचा उल्लेख नव्हता, आणि जीएसटीच्या दृष्टीने बिल असेच पूर्ण किमतीचे असायला हवे. मालाच्या ॲडव्हान्सवर पुरवठादाराला जीएसटी भरावा लागत नाही. 15 नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचनेने कंपोझिशन योजनेबाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी ती अट काढून टाकली. कर बिलाच्या वेळी आणि पूर्ण किमतीवर लागतो. त्यामुळे ॲडव्हान्स वजा करून उरलेल्या रकमेवर जीएसटी लावलेले बिल आले, तर ते परत पाठवायचे. आपल्या बाजूनेही तसेच: ॲडव्हान्स दिला म्हणून इनपुट क्रेडिट मिळत नाही, माल हातात आणि बिल हातात असेल तेव्हाच मिळते. सेवांचे गणित वेगळे आहे, तिथे ॲडव्हान्सवरच कर लागतो. म्हणून जॉबवर्कवाल्याला आणि फाउंड्रीला दिलेला ॲडव्हान्स एकाच पद्धतीने हाताळू नये.

बाईंनी खरेदीची नोंद नीट केली. खरेदी 3,20,000, सीजीएसटी 28,800 आणि एसजीएसटी 28,800 नावे, फाउंड्री 3,77,600 जमा. बिलवार तपशिलात `New Ref` घेऊन बिलाचा नंबर टाकला आणि सगळी रक्कम त्यावर ठेवली.

आता या घडीला दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघू. फाउंड्रीचे लेजर उघडले तर देणे 1,37,600 दिसते, कारण 3,77,600 मधून आधीचे 2,40,000 आपोआप वजा होऊन शिल्लक निघते. देय बिलांची यादी उघडली तर तेच बिल 3,77,600 ने उभे असते, कारण कुठल्याच पैशाने त्या बिलाकडे बोट दाखवलेले नाही. 2,40,000 पार्टीच्या आउटस्टँडिंगमध्ये `On Account` म्हणून वेगळे बसलेले असतात. लेजर चूक नाही आणि यादीही चूक नाही. एकाच खात्याचे हे दोन आकडे जुळत नसतील, तर त्या पार्टीकडे संदर्भाविना पडलेला पैसा आहे, हे नक्की ओळखावे. माझ्या अनुभवात ही तपासणी सगळ्यात लवकर हाती लागते.

पण पेमेंट करणारा माणूस लेजर बघत नाही, यादी बघतो. या कारखान्यात ते आणखी पक्के झाले होते. 2023-24 पासून आयकराचे कलम 43B(h) लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. फाउंड्री उद्यम नोंदणीची, लघु गटातली. त्यामुळे मालकांनी सांगून ठेवले होते की एमएसएमईचे एकही बिल मुदतीपलीकडे जाता कामा नये. दर शनिवारी मुदत जवळ आलेल्या बिलांची यादी छापली जायची आणि सोमवारी त्याप्रमाणे पैसे जायचे. शिस्त चांगली होती, पण यादीत ॲडव्हान्सचा रकानाच नव्हता. 2 सप्टेंबरला 3,77,600 पूर्ण गेले.

तेव्हा फार बिघडले नव्हते. 2,40,000 पूर्ण दुसऱ्या लॉटमधून वजा करता आले असते. दुसरा लॉट 300 नगांचा, 23 सप्टेंबरला आला, बिल 4,80,000 अधिक 86,400, एकूण 5,66,400. त्यातून ॲडव्हान्स वजा जाता 3,26,400 द्यायचे होते. यादीत 5,66,400 होते, 21 ऑक्टोबरला तेच गेले. 9,44,000 च्या ऑर्डरवर 11,84,000 देऊन झाले.

मालकांना लेजर दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अहो, पण चेक करायला दोन सह्या आहेत की.” दोन सह्या होत्या हे खरे. दोघांनीही बिल, आवक पावती आणि ऑर्डर हे तिन्ही कागद जुळवून सही केली होती. नग बरोबर, दर बरोबर, कर बरोबर. तिन्ही कागद जुळवले की काम झाले असे आपण शिकतो, आणि एरवी ते खरे असते. ॲडव्हान्स दिलेल्या ऑर्डरला मात्र चौथा कागद असतो, आधी गेलेल्या पैशाचा, आणि तो बँकेच्या फाइलमध्ये राहिला होता.

फाउंड्रीच्या मालकांना फोन केला. त्यांनी लपवाछपवी केली नाही. “पैसे जास्ती आलेत, नाही कोण म्हणतंय? पण आता ते पिग आयर्न आन् स्क्रॅपमध्ये गेलेत. पुढच्या ऑर्डरला वळते करून घ्या.” त्यांच्या वहीत 2,40,000 ‘ग्राहकांकडून आलेला ॲडव्हान्स’ म्हणून जमा होतेच, म्हणजे शिल्लक दोन्हीकडे जुळत होती. हे नशीब म्हणायचे. पुष्कळदा पुरवठादाराचा हिशेबनीस असा ॲडव्हान्स एखाद्या जुन्या, वादातल्या बिलाला लावून मोकळा होतो, आणि मग पैसे जास्त गेले हे सिद्ध करण्यातच महिने जातात. आरटीजीएसच्या शेऱ्यात ऑर्डर नंबर टाकणे आणि त्याच दिवशी ‘ही रक्कम अमुक ऑर्डरचा ॲडव्हान्स आहे’ असा मेल पाठवणे, या दोन गोष्टी त्यासाठी करायच्या असतात.

दरम्यान कारखान्याचे कॅश क्रेडिट चालू होते. व्याज साडेदहा टक्के धरले, तर 2,40,000 वर महिन्याला 2,100 रुपये. म्हणजे बँकेकडून व्याजाने घेऊन फाउंड्रीला बिनव्याजी दिल्यासारखे झाले. शिवाय बँकेला दर महिन्याला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये देणेकऱ्यांचा आकडा ग्रुपच्या एकूण शिल्लकीवरून घेतला जात होता. फाउंड्रीची नावे शिल्लक इतरांच्या जमा शिलकेतून वजा होऊन देणी 2,40,000 ने कमी दिसत होती. देणी कमी दिसली की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कॅश क्रेडिटमधून उचलता येणारी रक्कम, जास्त निघते. बँकेच्या तपासणीत हे निघाले असते तर खुलासा देणे अवघड झाले असते. ताळेबंदातही ॲडव्हान्स मालमत्तेच्या बाजूला स्वतंत्र दाखवायचा असतो, देण्यांतून वजा करून नाही. आणि तो कच्च्या मालापोटी नसून मशीनपोटी दिलेला असेल, तर कॅपिटल ॲडव्हान्स म्हणून वेगळ्या शीर्षाखाली जातो.

आता हेच काम नीट कसे झाले असते ते सांगतो, कारण फरक फक्त दोन ठिकाणच्या निवडीचा आहे. 11 जुलैच्या पेमेंटमध्ये `On Account` ऐवजी `Advance` घ्यायचे आणि संदर्भाला नाव द्यायचे ऑर्डरचेच, समजा `ADV-PO47`. पहिले बिल आले की खरेदी व्हाउचरच्या बिलवार तपशिलात रक्कम दोन ओळींत फोडायची:

```
Agst Ref   ADV-PO47      96,000
New Ref    (बिल नंबर)   2,81,600
```

खरेदी आणि कर पूर्ण 3,77,600 चेच राहतात, फक्त देणे दोन भागांत विभागले जाते. आता यादीत बिल 2,81,600 ने दिसेल आणि सोमवारी तेवढेच जातील. `ADV-PO47` वर 1,44,000 शिल्लक राहतील. दुसऱ्या बिलात तेच 1,44,000 लागून संदर्भ शून्य होईल आणि देणे राहील 4,22,400. 2,81,600, 4,22,400 आणि 2,40,000 मिळून 9,44,000. संदर्भाचे नाव ऑर्डरवरून ठेवल्यामुळे ‘कुठल्या ऑर्डरवर किती ॲडव्हान्स बाकी’ हे एका रिपोर्टमध्ये कळते.

काही जण ‘सप्लायर ॲडव्हान्स’ असे वेगळे लेजर उघडून त्यात रक्कम ठेवतात आणि बिल आल्यावर जर्नलने वळती करतात. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आतूनच असते. छोट्या ऑफिसात मात्र मी ते करू देत नाही. जर्नल हे वेगळे काम झाले, आणि वेगळे काम गडबडीत राहून जाते. खरेदीची नोंद मात्र कुणी विसरत नाही, म्हणून वजावट त्याच पडद्यावर झालेली बरी.

वर मी 96,000 हा आकडा पहिल्या लॉटच्या 30 टक्क्यांनी काढला. सगळे 2,40,000 पहिल्याच बिलातून वजा करता आले असते, मग पहिल्या लॉटपोटी फक्त 1,37,600 द्यावे लागले असते. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. प्रमाणात वजा केले तर पहिल्या लॉटचे पैसे दिल्यावर दुसरा लॉट येईपर्यंत आपले 1,44,000 फाउंड्रीकडे अडकतात. ती बंद पडली किंवा माल लांबला तर जोखीम आपली. सगळे पहिल्यातच कापले तर जोखीम संपते, पण फाउंड्रीला दुसऱ्या लॉटच्या कच्च्या मालाला पैसा उरत नाही, आणि ॲडव्हान्स मागितला होता तो त्यासाठीच. माझे मत असे की, जुना आणि वेळेवर माल देणारा पुरवठादार असेल तर प्रमाणात कापावे, नवा असेल तर पहिल्या लॉटमध्येच. पण जे ठरेल ते ऑर्डरवर लिहिलेले असावे.

एक बाब या कारखान्याला लागू नव्हती, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल. मागच्या वर्षीची उलाढाल 10 कोटींच्या वर आणि एकाच विक्रेत्याकडून वर्षात 50 लाखांच्या वर खरेदी असेल, तर कलम 194Q प्रमाणे त्या वरच्या रकमेवर 0.1 टक्का टीडीएस कापायचा असे. पैसे देणे आणि बिल जमा करणे यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. म्हणजे तो ॲडव्हान्सवरच कापला जातो, आणि जीएसटी वेगळा काढता येत नसल्याने पूर्ण ॲडव्हान्सवर. मग बिल आल्यावर ॲडव्हान्सने भागलेल्या भागावर तो पुन्हा कापायचा नाही. संदर्भ जोडलेला नसेल तर हा टीडीएसही दोनदा कापला जातो.

आता रिजेक्शन. पहिल्या लॉटमधल्या 15 नगांत मशीनिंग झाल्यावर ब्लो होल उघडे पडले. बाहेरून कास्टिंग चांगली दिसते, बोअर मारला की आतली पोकळी दिसते, त्यामुळे आवक तपासणीत हे सापडणे शक्य नव्हते. शॉपमधून रिजेक्शनची चिठ्ठी स्टोअरला गेली आणि स्टोअरच्या पॅडखाली राहिली. हिशेबात ती आलीच नाही. नोव्हेंबरात ती काढून डेबिट नोट केली: 24,000 अधिक जीएसटी 4,320, म्हणजे 28,320. जीएसटीपुरते खरे काम फाउंड्रीच्या क्रेडिट नोटने होते. तिने कलम 34 खाली क्रेडिट नोट काढली की आपण घेतलेले 4,320 चे इनपुट क्रेडिट उलटवायचे. या नोटेने आपले येणे 2,40,000 वरून 2,68,320 झाले.

इथे मालकांना मोह झाला की दोन्ही मिळून एकच आकडा धरावा. मी नको म्हणालो. ॲडव्हान्स आणि रिजेक्शन हे दोन वेगळे येणे आहेत. ॲडव्हान्सवर फाउंड्रीचा वाद नव्हता. रिजेक्शनमध्ये कुठला नग कुणाच्या चुकीने गेला यावर बोलणे होऊ शकते. एकत्र केले असते तर 28,320 च्या वादात 2,40,000 ही अडकले असते. म्हणून पेमेंटचे व्हाउचर उघडून `On Account` चे `ADV-PO47` केले आणि डेबिट नोटेला तिचा स्वतःचा नंबर दिला. जीएसटीची रिटर्न भरून झाली होती, पण पेमेंटमध्ये कराची रक्कम नसल्याने हा बदल करायला अडचण नव्हती.

डिसेंबरात नवी ऑर्डर गेली, 250 नग, 4,00,000 अधिक 72,000. या वेळी अटींमध्ये लिहिले: ‘नवा ॲडव्हान्स नाही. आधीचे 2,40,000 हेच या ऑर्डरचे ॲडव्हान्स. माल एकाच लॉटमध्ये, पूर्ण रक्कम त्याच बिलातून वजा.’ जानेवारीत माल आणि 4,72,000 चे बिल आले. त्यातून `ADV-PO47` चे 2,40,000 आणि, तोवर क्रेडिट नोट आल्यामुळे, 28,320 वजा करून 2,03,680 दिले. शनिवारच्या यादीत आता एक रकाना वाढला आहे, त्या पार्टीच्या लेजरची शिल्लक. बिलांची बेरीज आणि ती शिल्लक जुळत नसेल तर पेमेंट थांबते आणि बाई आधी संदर्भ शोधतात.

31 मार्चचे बॅलन्स कन्फर्मेशन दोन्हीकडे शून्यावर जुळले. एकच मुद्दा राहिला आहे. त्या 15 नगांवर मशीनिंगचा जो खर्च वाया गेला तो कुणी सोसायचा, यावर दोघे अजून बोलत आहेत. ऑर्डरमध्ये त्याबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून त्याची नोंद कुठल्याच खात्यावर नाही.